पार्वतीची करंगळी

“शास्त्रात मूर्तीची सगळी मापं ठरलेलीच आहेत, मग त्यात तुमचं असं काय असतं?”

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तामिळनाडूत स्वामीमलैला, आधी मेणात घडवून मग धातूत मूर्ती ओतायचं काम शिकायला लागलो तेव्हा मलाही हेच खुपायचं. मूर्तीच्या उंचीएवढी नारळाची पात कापायची, घड्या घालून तिचे भाग पाडायचे आणि चेहरा, मान, छाती, गुडघा सगळं त्या घड्यांवरून घ्यायचं. शिव-विष्णूच्या उंचीचे 124 भाग, देवीचे 120. पार्वती त्रिभंगात, म्हणजे अंगाला तीन ठिकाणी बाक देऊन उभी असेल तर कंबर मध्यसूत्रापासून किती सरकायची, तेही ठरलेलं. पण दोन खुणांच्या मधे बरगडीखालून नितंबावर उतरणारी रेषा कुठलीच पात दाखवत नाही. ती मेणात अंगठ्यानेच काढावी लागते.

एका पार्वतीचं सांगतो. तिचा उजवा हात कटक मुद्रेत, म्हणजे पूजेत बोटांमध्ये ताजं फूल खोवता येईल असा. मेणात राळ आणि तेल घालून ती घडवली. कावेरीच्या गाळाचा पहिला पातळ थर बोटांच्या बेचक्यांतही नीट बसवला, वर जाड थर दिले. साचा तापवून मेण काढलं, तो जमिनीत पुरला आणि मेणाच्या आठ-दहापट धातू ओतला. निवल्यावर साचा फोडला, तर करंगळीचं वरचं पेरच नव्हतं. टोक गोल आणि गुळगुळीत होतं. मोडलं असतं तर खरबरीत, दाणेदार दिसलं असतं. म्हणजे धातू तिथवर पोचलाच नव्हता; वाटेत थिजला, नाहीतर हवा अडकली.

मूर्ती करवून घेणारे म्हणाले, “डाग देऊन जोडा, फुलाखाली कोणाला दिसतंय?” स्थपतींनी, म्हणजे आमच्या मुख्य मूर्तिकारांनी, साफ नकार दिला. अंगहीन मूर्ती पूजेला चालत नाही. साचा फुटलेला, मेण गेलेलं. एका साच्यातून एकच मूर्ती. सगळी वितळवली, चेहऱ्यासकट. त्या चेहऱ्यासाठी मी भांडलो. एका पेरापायी एवढं मुख आगीत घालायचं, हे तेव्हा पटलं नव्हतं आणि आजही पुरतं पटत नाही. पण जिच्यापुढे माणसं हात जोडणार, तिचं बोट डाग देऊन जोडायला माझाही हात धजावला नसता.

दुसऱ्यांदा करंगळीच्या टोकापासून हवेसाठी मेणाची बारीक काडी वर काढली; ओतकामानंतर ती कापून टाकली. बोट पूर्ण आलं. पात तीच होती, घड्याही त्याच. चेहरा मात्र वेगळा आला. खालचा ओठ जास्त मिटलेला, नजर थोडी दूरची. स्थपतींनी पात लावून पाहिली. एकही माप चुकलं नव्हतं. मला पहिलीच बरी वाटत होती. त्यांना दुसरी.