आमची वाटचाल : अठरा रुपयांची तेरीज

आमचं दुकान अमळनेरला. पीव्हीसी पाईप, ठिबकचं सामान, मोटारी, केबल, स्टार्टर असं सगळं शेतीचं. आप्पांनी म्हणजे माझ्या वडिलांनी 1993 ला एका गाळ्यात सुरू केलं, तेव्हा नुसते पाईप आणि फिटिंग होते, मग आमच्या भागात ठिबक वाढलं तसं दुकान वाढलं, शेजारचा गाळा घेतला, पुढे गोडाऊन झालं. इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही दुकानाची असते तशीच आहे म्हणून त्यात वेळ घालवत नाही. मला सांगायचंय ते 2007 च्या मार्चअखेरचं, कारण आज आमची लाखो रुपयांची उधारी ज्या पद्धतीने सांभाळली जाते ती पद्धत तेव्हा ठरली.

हिशेब पहिल्यापासून नाना बघायचे. आधी एका जिनिंगमध्ये मुनीम होते, तिथून आप्पांनी त्यांना आणलं. रोजमेळ, खतावणी, विक्री बुक सगळं हाताने. बेरीज एकदा वरून खाली करायचे आणि एकदा खालून वर, हातचे पेन्सिलीने कडेला बारीक लिहायचे, आणि दोन्ही वेळा एकच आकडा आला तरच पेनने टोटल मांडायचे. मी तेव्हा बी.कॉम. करून नुकतीच दुकानात बसायला लागले होते, कॉलेजात तेरीज शिकले होते पण खरी तेरीज नानांच्या शेजारी बसून पाहिली.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रोजमेळात डावीकडे जमा, उजवीकडे नावे. शेतकऱ्याने पैसे दिले की डावीकडे, आपण टेम्पोभाडं दिलं की उजवीकडे. मग ती प्रत्येक एन्ट्री खतावणीत त्या त्या खात्यावर चढवायची आणि रोजमेळात तिच्यासमोर खा.पा. म्हणजे खातेपान नंबर टाकायचा. वर्षअखेर सगळ्या खात्यांच्या बाक्या एका कागदावर दोन रकान्यांत उतरवायच्या, नावे एकीकडे, जमा एकीकडे, आणि दोन्ही टोटल सारख्या आल्या पाहिजेत, हीच तेरीज.

त्या वर्षी नावे आलं 14,63,752 आणि जमा आलं 14,63,734. नावे 18 रुपयांनी जास्त. गल्ला मात्र रुपयाला रुपया जुळत होता, बँकही जुळत होती.

नानांनी आधी तेरजेचीच बेरीज परत केली, मग खतावणीतून बाक्या बरोबर उतरवल्यात का ते पाहिलं, एखादं खातं राहून गेलंय का ते पाहिलं. सगळं ठीक. मग 18 रुपयांची एखादी एन्ट्री चढवायची राहिली का ते शोधलं, नव्हती. मग 18 चे निम्मे 9, कारण एखादी रक्कम जमेऐवजी नावे पडली तर फरक दुप्पट येतो, तेव्हा 9 रुपये कुठे उलटे पडलेत का ते पाहिलं. किरकोळ खर्चात चहाचे 9 रुपये सापडले पण ते बरोबर बाजूला होते.

मग नानांचा लाडका नियम. फरकाला 9 ने पूर्ण भाग गेला तर बहुतेक आकडे उलटसुलट झालेत असं समजायचं. 53 चे 35 लिहिले तर फरक 18, 64 चे 46 तरी 18, आणि 20 चे चुकून 2 झाले तरी 18 च. 18 ला 9 ने भागलं की 2 येतात, म्हणजे ज्या शेजारच्या दोन आकड्यांत 2 चा फरक आहे अशाच रकमा शोधायच्या, 13-31, 24-42, 57-75 अशा. मग आम्ही दोघं बसलो, मी खतावणीतली रक्कम वाचायची आणि नाना रोजमेळात बघून बारीक टिक करायचे, पानामागून पान, रोज दुकान बंद झाल्यावर, आणि लोडशेडिंगचे दिवस म्हणून अर्धं काम कंदिलावर. एकही रक्कम चुकलेली निघाली नाही. जेवायच्या वेळी आप्पा घरातून विचारायचे, "नाना, आते तरी जुयनं का?" आणि नाना नुसती मान हलवायचे.

आमच्या ओळखीचे एक करसल्लागार होते, ते म्हणाले 18 रुपयासाठी कशाला एवढा त्रास, उचंत खात्याला टाका नाहीतर किरकोळ उत्पन्नात जमा करा आणि मोकळे व्हा. खरं सांगायचं तर बरेच जण तेच करतात, आणि फरक सापडेपर्यंत तात्पुरता उचंत खात्याला ठेवायला काही हरकतही नसते. पण नाना तयार नव्हते. ते मला म्हणाले ते वाक्य मला आजही तसंच्या तसं आठवतं, "ताई, चूक 18 ची आहे असं कोण म्हणतं? दोन चुकांमधला फरक 18 असू शकतो. चुका केवढ्या आहेत ते अजून आपल्याला दिसलंच नाहीये."

मग त्यांनी रस्ता बदलला. डिसेंबरअखेरची तेरीज आम्ही काढली होती आणि ती जुळली होती, म्हणजे जे काही झालंय ते जानेवारी ते मार्च याच तीन महिन्यांत झालंय. दुसरं म्हणजे खतावणीतली एकेक रक्कम तपासणं थांबवून त्यांनी सगळ्या उधारीचं मिळून एकच खातं एका कोऱ्या कागदावर मांडलं. डिसेंबरअखेर उधारी 1,86,240. त्यात विक्री बुकातून तीन महिन्यांची उधार विक्री 3,42,900 मिळवली. रोजमेळाच्या जमा बाजूवरून ग्राहकांकडून आलेले 2,71,400 वजा केले. राहायला पाहिजे 2,57,740. ह्यात खतावणीचा कुठेच हात लागलेला नाही हे महत्त्वाचं, आकडे थेट मूळ वह्यांतले. आणि खतावणीतल्या सगळ्या शेतकऱ्यांच्या बाक्यांची बेरीज किती? 2,62,240.

फरक 4,500.

मी म्हटलं नाना, आपण 18 शोधत होतो. नानांनी लगेच त्याच कागदावर 4,500 मधून 18 वजा केले आणि 4,482 खाली दोन रेघा मारल्या. हिशेब सरळ होता. कोणा शेतकऱ्याचे 4,500 आलेले जमेला चढले नसतील तर नावे बाजू 4,500 ने जास्त दिसणार. ती फक्त 18 नेच जास्त दिसतेय, म्हणजे दुसरीकडे कुठेतरी 4,482 नावे पडायचे राहिलेत. एवढी विचित्र रक्कम लपणार कुठे!

रोजमेळात 4,500 च्या जमा बऱ्याच होत्या कारण लोक राउंड रक्कम देतात, पण एकेक घेऊन खतावणीत बघत गेलो आणि जानेवारीतल्या एका पानावर सापडली. डाव्या बाजूची शेवटची ओळ, पारोळा रोडवरच्या एका गावचे शेतकरी, कापूस विकून पैसे देऊन गेलेले. समोर खा.पा. 87 लिहिलेलं. खतावणीचं पान 87 उघडलं तर तिथे ती जमाच नाही. आणि मला हात लावून दाखवायची गरज पडली नाही, त्याच पानाच्या उजव्या बाजूची शेवटची ओळ होती टेम्पोभाडं आणि हमाली, महिन्याचं बिल, 4,482. त्याच्यासमोरही खा.पा. होतं आणि वाहतूक खात्यात ते नव्हतं.

झालं असं होतं की त्या महिन्यात नानांच्या हाताखाली एक नवीन मुलगा खतावणी चढवायचा. तो काम भराभर व्हावं म्हणून आधी अख्ख्या पानाचे खा.पा. नंबर लिहून घ्यायचा आणि मग चढवत बसायचा. मध्येच लाईट गेली असेल, गिऱ्हाईक आलं असेल, पानाच्या तळाच्या दोन ओळी राहिल्या, आणि नंबर दिसतोय म्हणजे चढलं असं दुसऱ्या दिवशी धरलं गेलं. खा.पा. हा एन्ट्री चढल्याचा पुरावा असतो, तो आधीच लिहिला की पुरावाच गेला.

आणि एवढं टिक करून आधी का सापडलं नाही, तर आम्ही खतावणीतून रोजमेळाकडे जात होतो. खतावणीत जे लिहिलंय ते बरोबर आहे का हे त्यातून कळतं, पण जे लिहिलंच नाही ते कसं दिसणार? त्यासाठी रोजमेळातून खतावणीकडे जावं लागतं, आणि शेवटी बिनटिकेची ओळ रोजमेळात राहते का ते बघावं लागतं.

त्या रात्री आप्पांनी विचारायच्या आधीच नाना ओट्यावरून म्हणाले, "जुयनं आप्पा."

आता ते 18 रुपये किरकोळ उत्पन्नात टाकले असते तर काय झालं असतं बघा. तेरीज जुळली असती, ताळेबंद जुळला असता. उधारी 4,500 ने जास्त दिसली असती, भाड्याचा 4,482 खर्च कुठेच नाही आणि वर 18 चं खोटं उत्पन्न, म्हणजे नफाही बरोबर 4,500 ने फुगलेला आणि त्यावर टॅक्स. पण मला त्याहून जास्त लागतं ते दुसरंच. आमच्याकडे आखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी उधारीच्या याद्या निघतात, माणूस गावोगाव वसुलीला जातो. ज्या माणसाने जानेवारीत पैसे मोजून दिले, पावती घेतली, त्याच्या दारात आमचा माणूस चारचौघांत परत 4,500 मागायला गेला असता. पावती त्याने जपली असेलच याची काय खात्री? दुकान शेतकऱ्याच्या विश्वासावर चालतं, तो असा गेला की परत येत नाही.

तेव्हापासून उधारीचं ते एकत्र खातं दर महिन्याला मांडायचं ठरलं, आणि खा.पा. नंबर एन्ट्री चढवल्यावरच. पुढे टॅलीवर आलो तेव्हा जुन्या बाक्या भरल्यावर स्क्रीनवर Difference in opening balances अशी ओळ आली, 2,640 ची. नानांनी आधी निम्मे केले, 1,320, आणि 1,320 चा एक व्यापारी निघाला, त्याचं देणं जमेऐवजी नावे पडलं होतं. पाच मिनिटांचं काम. त्यानंतर तेरीज न जुळण्याचा प्रश्न राहिला नाही, कारण दोन्ही बाजू सारख्या असल्याशिवाय टॅली व्हाउचर घेतच नाही.

पण ह्यामुळे लोकांना वाटतं आता चूक होतच नाही, ते खरं नाही. आमच्या भागात एका गावात एकाच नाव-आडनावाचे तीन-चार जण सहज असतात. एकाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यावर पडले तर तेरीज जुळते, उधारीचं एकत्र खातंही जुळतं, सगळं जुळतं आणि दोन माणसांचा हिशेब चुकलेला असतो. तेरजेला ते दिसूच शकत नाही. म्हणून आम्ही आता नावापुढे वडिलांचं नाव, गाव आणि मोबाईल नंबर टाकतो, आणि वसुलीला जायच्या आधी प्रत्येकाला नुसती बाकीची चिठ्ठी पाठवतो, तारखेनुसार काय नेलं आणि काय दिलं ते, मान्य असेल तर सही करून द्या म्हणून. मागच्या आखाजीच्या आधी एक जण अशीच चिठ्ठी घेऊन दुकानात आले, म्हणाले ताई, ह्यातले 2,200 मी दिलेले नाहीत, माझ्या चुलतभावाने दिलेत, त्याच्या नावावर करा. बघितलं तर खरंच तसं होतं, त्यांच्यासमोरच एन्ट्री फिरवली आणि दोघांनाही नवीन चिठ्ठ्या दिल्या.