काम थांबलं, रद्द नाही झालं

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावातून मी शेतीविषयक पुस्तिका लिहिते आणि चितारते. मागच्या वर्षी एका बियाणे कंपनीसाठी गुलाबी बोंडअळीवरची पुस्तिका घेतली. एकूण 60,000 रुपये: मजकुराचे 24,000, चोवीस चित्रांचे 24,000, मांडणीचे 12,000. अॅडव्हान्स 18,000 मिळाला होता.

मजकूर मंजूर झाला. बारा चित्रं पूर्ण झाली. अळी लागलेल्या फुलाचं, म्हणजे डोमकळीचं चित्र तीनदा काढलं, कारण पाकळ्या मिटून गुलाबकळीसारख्या दिसायला हव्यात, नाहीतर शेतकरी ते निरोगी फूल समजतो. आणि मग कंपनीकडून उत्तरच येईना. फोन उचलायचे नाहीत, मेल वाचून सोडून द्यायचे.

ग्राहक "काम रद्द" असं कधीच म्हणत नाही, तो नुसता गप्प बसतो. म्हणून करारात मी लिहून ठेवलं होतं: पंधरा दिवस उत्तर नाही आलं तर लेखी नोटीस, त्यानंतर सात दिवसांत उत्तर नाही तर काम ग्राहकाने रद्द केलं असं समजायचं. तेविसाव्या दिवशी मी बिल पाठवलं आणि त्याच दुपारी साहेबांचा फोन आला.

"ताई, आम्ही रद्द कुठं केलं? थांबवलंय फक्त. आता व्हिडिओ करायचं ठरलंय. अन् पुस्तिकाच नाही तर पैसे कशाचे?"

मी हिशोब वाचून दाखवला. झालेलं काम 36,000. उरलेल्या 24,000 च्या पंचवीस टक्के म्हणजे 6,000, ही किल फी, म्हणजे काम मध्येच रद्द झालं तर करारानुसार मिळायची भरपाई. एकूण 42,000, त्यातून अॅडव्हान्स वजा, बाकी 24,000. झालेल्या कामाचे पैसे त्यांना मान्य होते, अडलं ते 6,000 वर. "हा तर दंड झाला," म्हणाले. दंड नव्हता. पुढचे तीन आठवडे त्यांच्यासाठी राखून मी दुसरं काम नाकारलं होतं, आणि करारातही तेच कारण लिहिलं होतं. हे मुद्दाम लिहावं लागतं. भारतीय करार कायद्याच्या कलम 74 नुसार करारात रक्कम लिहिलेली असली तरी कोर्ट तेवढ्या मर्यादेत वाजवी भरपाईच देतं, म्हणून आकडा खऱ्या नुकसानीशी जुळलेला बरा.

शेवटी चित्रांनीच काम केलं. व्हिडिओत त्यांना तीच चित्रं हवी होती, आणि पूर्ण पैसे मिळेपर्यंत हक्क माझेच, हेही करारात होतं. त्यांच्याकडे गेल्या होत्या त्या फक्त चित्रावर आडवा शिक्का मारलेल्या, कमी दर्जाच्या प्रती. नऊ दिवसांनी 24,000 जमा झाले.

एक चूक मात्र माझीच. करारात मी "पूर्ण झालेली चित्रं" असं लिहिलं होतं. कामगंध सापळ्याची आणि अळीच्या वाढीच्या अवस्थांची मिळून तीन चित्रं पेन्सिलीपर्यंत आली होती. त्यांचा एक रुपयाही मागता आला नाही. आता मी लिहिते: पेन्सिलीचं काम झालं की चित्राचा अर्धा दर. ती तीन चित्रं अजून खणात आहेत.