तिसरा फॉर्मंट ऐकू येतो, तरीही

इंग्रजी ‘रा’ आणि ‘ला’ यांतला फरक कानाला कळतो का, याच्या चाचणीत जपानी मातृभाषा असलेल्या एका बाईंच्या गुणांचा आलेख जवळजवळ सपाट आला. सहकाऱ्याचा पहिला संशय हेडफोनवर गेला. वरच्या वारंवारता दबल्या असतील, असं त्याचं म्हणणं. शंका रास्त होती, कारण चाचणीची सगळी मदार तिथेच होती.

आमचे दहा ध्वनी संगणकावर घडवलेले होते. बोलण्याच्या आवाजात काही वारंवारता तोंडा-घशाच्या पोकळीत घुमून ठळक होतात; त्या ठळक पट्ट्यांना फॉर्मंट म्हणतात आणि ते खालून वर मोजतात. पहिले दोन फॉर्मंट, लांबी आणि स्वर सगळ्यांत सारखेच. बदलत होती ती फक्त तिसऱ्या फॉर्मंटची सुरुवात: ‘रा’च्या टोकाला १६०० हर्ट्झ, ‘ला’च्या टोकाला साधारण ३०००. आवाजाची पातळीही सगळ्यांत एकसारखी केलेली, नाहीतर लोक ध्वनी न ओळखता नुसत्या मोठ्या-लहान आवाजावरून उत्तर देतात.

तीन ध्वनी लागोपाठ वाजतात आणि मधला पहिल्यासारखा आहे की शेवटच्यासारखा, ते सांगायचं. नुसत्या अंदाजानेही निम्मी उत्तरं बरोबर येतात. इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचे गुण दोन्ही टोकांना त्या निम्म्याच्या जवळच राहतात; ‘रा’चं ‘ला’ होतं त्या सीमेवर मात्र एकदम वर चढतात. हर्ट्झमधलं अंतर तेवढंच, पण सीमेच्या एकाच बाजूला असलेले दोन ध्वनी त्यांना सारखे वाटतात. बाईंच्या आलेखात ही चढणच नव्हती.

मग आम्ही तेच ध्वनी घेतले आणि तिसरा फॉर्मंट सोडून बाकी सगळं काढून टाकलं. उरतो तो चिवचिवाटासारखा आवाज. कोणीही त्याला बोलणं म्हणणार नाही. हेडफोन तेच, पायऱ्या त्याच. बाईंनी फरक सहज ओळखले, इंग्रजी ऐकणाऱ्यांइतकेच. हेडफोन आणि कान, दोन्ही निर्दोष. मियावाकी आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये अमेरिकी आणि जपानी गटांत नेमकं हेच दाखवलं होतं.

म्हणजे माहिती कानापर्यंत पोचते, पण बोलणं म्हणून ऐकताना ती निर्णयात धरली जात नाही. जपानीत या जागी एकच ध्वनिगट आहे, त्यामुळे तिसऱ्या फॉर्मंटकडे लक्ष देण्याची गरज लहानपणापासून पडतच नाही. उलट जपानी ऐकणारे दुसऱ्या फॉर्मंटच्या बदलाला जास्त दाद देतात, आणि ‘र’-‘ल’ वेगळे करायला तो फारसा उपयोगी नाही. म्हणूनच आम्ही तो स्थिर ठेवला होता. नैसर्गिक ध्वनिमुद्रणात तो थोडा हलतो, लांबीही बदलते. तिथे मिळालेले चांगले गुण नेमके कशामुळे, हे सांगता येत नाही.

इंग्रजी आलेखाचीही एक मेख आहे. ध्वनींमधली शांतता पाव सेकंदाची ठेवली, तर आधीच्या आवाजाचा ठसा ताजा असतो आणि एकाच गटातले फरकही थोडे पकडले जातात. ती दीड सेकंदाची केली की ठसा विरतो, मनाने लावलेलं नाव तेवढं उरतं आणि सीमेवरचा चढ जास्त उठून दिसतो. म्हणून दोन भाषकगटांची तुलना करताना ही शांतता दोघांना सारखीच हवी. अहवालात तिचा आकडा नसेल, तर आलेख किती ताठ आहे याला फार अर्थ नाही.