स्लॅबवरचा सांबार

आमच्या गावचा बाजार सोमवारी भरतो. सोमवारी आणलेला सांबार (पुण्या-मुंबईकडची कोथिंबीर) उन्हाळ्यात बुधवारपर्यंत पिवळा पडतो, आणि मग अख्खी गल्ली पुढच्या सोमवारची वाट पाहते. माझा धंदा त्या मधल्या चार दिवसांवर चालतो. सोमवारी मी काहीच विकत नाही. बाजाराशी भावात बरोबरी होत नाही.

भाजीचे रिकामे प्लॅस्टिकचे कॅरेट घेतले, आतून पोतं लावलं. नुसती काळी माती उन्हात भेगाळते आणि पाणी दिलं की चिखल धरते, म्हणून निम्मी माती आणि उरलेल्यात कुजलेलं शेणखत नि रेती. कॅरेट विटांवर ठेवायचे. विदर्भातल्या मे महिन्यात स्लॅबवर थेट ठेवले तर मुळं खालून भाजतात. वर बांबूला हिरवी नेट.

खरी अडचण उगवणीची. एवढ्या तापात धने नीट उगवत नाहीत. मी ते चपलेने हलकेच रगडून दोन फाकी करते, रात्रभर भिजवते, पेरल्यावर कॅरेटवर ओलं पोतं टाकते. आठव्या-दहाव्या दिवशी पांढरे कोंब दिसले की त्याच संध्याकाळी पोतं काढायचं, नाही तर कोंब लांबट नि पिवळे होतात. पाणी भल्या पहाटे. दुपारी टाकीच्या पाइपातून उकळतं पाणी येतं. पाच-सहा आठवड्यांत सांबार उपटण्याजोगा होतो. मधूनच दांडा वर निघून बडीशेपेसारखी बारीक पानं फुटू लागली, की तो फुलावर चालला असं समजून सगळं कॅरेट त्याच दिवशी विकते.

दर आठवड्याला चार कॅरेट पेरते. एका कॅरेटच्या सात-आठ लहान जुड्या होतात, दहा रुपयाला एक. म्हणजे आठवड्याला तीनशेच्या आसपास.

पैसे मागणं मात्र जड गेलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "काहून वं, घरच्या सांबाराचे बी पैसे घेतं काय?" मी म्हटलं, "काकू, कढीपत्ता कधीही तोडून न्या, त्याचे पैसे नाही. सांबाराचे लागतील." आता दुधाच्या हिशेबासारखी वही आहे, महिन्याच्या शेवटी सगळ्या देतात.

मेच्या सुरुवातीला मिरची, आठवडाभराने वांगी ट्रेमध्ये टाकते. मृगाला रोपं तयार होतात. विकण्याआधी आठवडाभर नेट काढून पाणी कमी करते, नाही तर परसात लावताच माना टाकतात. दोन रुपयाला एक रोप.

पावसाळ्यात सांबार सडतो, आणि भाजी तर ज्याच्या त्याच्या परसात असते. तेव्हा फक्त महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी गिऱ्हाईक येतं. नैवेद्याच्या सोळा भाज्यांसाठी प्रत्येकीला चवळी, अंबाडी, राजगिरा मूठमूठभरच हवा असतो, आणि बाजारात एवढंसं कोणी देत नाही. मी मिसळ जुडी बांधते, वीस रुपयाला.