लंडनच्या पोटमाळ्यावरची तापलेली हवा

लंडनच्या केन्सिंग्टन भागात पॅलेस गार्डन्स टेरेस नावाची झाडांची, शांत गल्ली आहे. १८६० च्या दशकात जेम्स क्लार्क मॅक्सवेल इथे राहत होता. प्रकाश आणि विजेच्या समीकरणांमुळे तो सगळ्यांना ठाऊक आहे, पण मला या घराचं आकर्षण आहे ते पोटमाळ्यामुळे. तिथे भर उन्हाळ्यात दिवसचे दिवस मोठा जाळ पेटवलेला असायचा, त्यावर किटल्या ठेवून खोलीभर वाफ सोडलेली असायची, आणि जाळ राखायचं काम त्याची बायको कॅथरिन करायची. पुढे तीच खोली बर्फ आणून थंड केली जायची. हा सारा खटाटोप होता हवा किती ‘चिकट’ आहे हे वेगवेगळ्या तापमानांना मोजण्यासाठी.

उपकरण साधंच होतं. तारेला टांगलेल्या काचेच्या चकत्या स्थिर चकत्यांच्या मध्ये डावी-उजवीकडे झुलत राहायच्या आणि मधल्या हवेच्या घर्षणाने हळूहळू मंदावायच्या. जितक्या लवकर मंदावतील तितकी हवेची व्हिस्कॉसिटी, म्हणजे चिकटपणा, जास्त. तेल तापवलं की पातळ होतं, म्हणजे तापलेल्या हवेत चकत्या जास्त वेळ झुलतील असं कुणालाही वाटेल. घडतं उलटं. गरम हवेत त्या लवकर थांबतात.

याचं कारण समजायला इथल्या मोठ्या भुयारी स्थानकांतल्या सरकत्या पट्ट्या डोळ्यांपुढे आणा. शेजारी-शेजारी दोन पट्ट्या, एक वेगात, दुसरी सावकाश. वेगवान पट्टीवरचा माणूस मंद पट्टीवर उडी मारतो तेव्हा आपला वेग बरोबर नेतो आणि तिला थोडं पुढे ढकलतो. मंद पट्टीवरून आलेला माणूस वेगवान पट्टीला मागे ओढतो. पट्ट्या एकमेकींना चिकटलेल्या नाहीत, तरी त्यांच्यातला वेगाचा फरक कमी होत जातो. वायूतलं घर्षण असंच असतं. रेणू एका थरातून दुसऱ्या थरात जातात आणि आपला संवेग सोबत नेतात. वायू तापला की रेणू जास्त वेगाने पळतात, ही ने-आण वाढते आणि व्हिस्कॉसिटीही वाढते.

यातून एक गोष्ट निघते, तिचं मॅक्सवेललाही नवल वाटलं होतं. हवा विरळ केली तरी तिची व्हिस्कॉसिटी जवळजवळ बदलत नाही. रेणू निम्मे झाले तर ने-आण करणारे निम्मे होतात खरे, पण वाटेत धडकायला कमी रेणू असल्याने प्रत्येक जण दुप्पट लांबून वेग घेऊन येतो. हिशेब बरोबरीत सुटतो. पोटमाळ्यावरच्या चकत्यांनी हे खरं ठरवलं.

आता द्रव. त्यात रेणू इतके खेटून असतात की उड्या मारायला जागाच नाही. पट्ट्यांवरची माणसं शेजारच्या पट्टीवरच्यांचे हात घट्ट धरून उभी आहेत असं समजा. इथला अडथळा या पकडीचा असतो. पुढे सरकायचं तर रेणूला शेजाऱ्यांच्या विळख्यातून सुटावं लागतं आणि त्यासाठी ठरावीक ऊर्जा लागते. तापमान वाढलं की एवढी ऊर्जा हाताशी असलेल्या रेणूंचं प्रमाण झपाट्याने वाढतं. उड्यांनी होणारी ने-आण द्रवातही असते, पण पकडीपुढे तिचा वाटा नगण्य.

म्हणूनच दोन्हीकडचा बदल दिशेनेच नाही, मापानेही वेगळा असतो. पाणी ० अंशांवरून १०० अंशांवर नेलं तर त्याची व्हिस्कॉसिटी सुमारे सहावा हिस्सा उरते. तेवढंच तापवल्यावर हवेची फक्त २७ टक्क्यांच्या आसपास वाढते.

हा २७ चा आकडा मला फार आवडतो. रेणू म्हणजे टणक गोट्या मानल्या तर व्हिस्कॉसिटी निरपेक्ष तापमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढायला हवी. ० ते १०० अंश, म्हणजे २७३ वरून ३७३ केल्व्हिनला जाताना ही वाढ १७ टक्के येते. मॅक्सवेलने १८६६ मध्ये मांडलेल्या निष्कर्षात ती थेट तापमानाच्या प्रमाणात होती, म्हणजे ३७ टक्के. खरं उत्तर दोन्हींच्या मध्ये आहे. रेणू टणक नसतात. वेगाने येणारे रेणू एकमेकांच्या अधिक जवळ शिरतात, तेव्हा कुठे वळतात. त्यामुळे तापल्यावर ते जणू आकाराने लहान होतात, धडका कमी होतात आणि वेग लांबवर नेला जातो.

अर्थात हे चित्र सगळीकडे चालत नाही. प्रचंड दाबाखाली वायूचे रेणूही खेटून बसतात आणि तो द्रवासारखा वागू लागतो. द्रवांमध्ये सगळ्यात खोडकर वितळलेलं गंधक. ते आधी शहाण्यासारखं पातळ होत जातं, पण १६० अंशांच्या आसपास त्याच्या आठ अणूंच्या कड्या उघडून लांबच लांब साखळ्या तयार होतात. त्या एकमेकींत गुंततात आणि गंधक इतकं दाट होतं की परीक्षानळी उलटी केली तरी ओघळत नाही. आणखी बरंच तापवलं की साखळ्या तुटतात आणि ते पुन्हा वाहू लागतं.