दारापासून बाल्कनीपर्यंत आठ सेकंद

«बिल्डिंग अजून उभीच नाही, मग तिच्या घरांतून कॅमेरा कसा फिरवायचा हे तुम्ही ठरवता तरी कशावरून?»

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरची दीड मिनिटाची फिल्म कॉम्प्युटरवर केली होती, तिच्यातला एकच शॉट सांगतो. मेन डोअर उघडतं, कॅमेरा हॉल पार करून बाल्कनीपाशी येतो आणि समोर येऊरचा डोंगर. फिल्ममध्ये असे चौदा शॉट होते, पण डोकं खाल्लं ते ह्या एकानं.

सुरुवात प्लॅनवरच्या मापांनी होते. दारापासून बाल्कनीच्या सरकत्या काचेपर्यंत 21 फूट, म्हणजे 6.4 मीटर. घर बघायला आलेला माणूस रस्त्यावरच्यासारखा चालत नाही, रेंगाळतो. म्हणून मी वेग धरला सेकंदाला 0.8 मीटर आणि कॅमेऱ्याची उंची दीड मीटर, साधारण आपल्या डोळ्यांइतकी. झाले आठ सेकंद. सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे 200 फ्रेम. आमच्या मशीनवर एक पक्की फ्रेम निघायला आठेक मिनिटं लागायची. एवढ्याशा शॉटला 27 तास. रेंडर झाल्यावर, म्हणजे सगळ्या पक्क्या फ्रेम निघाल्यावर चूक कळली तर दिवस गेला. म्हणून आधी सगळं राखाडी ठेवून कच्ची फिल्म करतो: टाइल नाही, रंग नाही, सोफ्याच्या जागी नुसता खोका.

पहिल्या कच्च्या फिल्ममध्ये मी पुढे चालता चालता कॅमेरा किचनकडे वळवून परत आणला होता. बिल्डरच्या आई सहज ऑफिसात आल्या होत्या. पाहून म्हणाल्या, "अरे, घेरी येते रे!" खरंच होतं. वळणं घाईचं झालं की भिंतींच्या उभ्या कडा टप्पे घेत उडतात. तेव्हापासून एका शॉटला एकच हालचाल: एकतर पुढे जा, नाहीतर वळा. किचनला वेगळा शॉट दिला.

मग लेन्सचा वाद. "हॉल मोठा दिसू दे," बिल्डर शेठ म्हणाले. हॉल जेमतेम दहा फूट रुंद. 18 मिलिमीटरची लेन्स लावली की एका नजरेत 90 अंश मावतात आणि हॉल सभागृह वाटतो, पण कडेचा सोफा ताणला जाऊन होडीसारखा दिसतो. हे शेठना पटत नव्हतं. पटलं ते दुसऱ्याच कारणानं: 24 च्या लेन्समध्ये डोंगर जेवढा दिसतो, त्याच्या पाऊणपटच 18 मध्ये उरतो. ज्या डोंगरासाठी ते चौरस फुटाला जास्त भाव लावणार होते तोच लहान! 24 वर शिक्कामोर्तब झालं.

त्यांना सकाळच्या उन्हाची तिरीपही फरशीवर हवी होती. बाल्कनी पश्चिमेला, तिथून सकाळी ऊन आत येणार कसं? सॉफ्टवेअरमध्ये सूर्य वाटेल तिथे ओढून बसवता येतो, हाच तर मोह. मी ठाण्याचे अक्षांश-रेखांश आणि डिसेंबरची तारीख टाकून दोन वेळा करून दाखवल्या. संध्याकाळी पाचला ऊन आत येतं खरं, पण सूर्य समोर असल्यानं डोंगराची नुसती काळी पट्टी होते. सकाळी साडेआठला फरशी सावलीत असते, पण सूर्य आपल्या पाठीशी असल्यानं डोंगर समोरून उजळतो, त्याची एकेक घळ दिसते. सकाळ घेतली, तिरिपीशिवाय.

तो डोंगर मात्र खरा लागतो, इंटरनेटवरून उचललेला चालत नाही. फ्लॅट चौदाव्या मजल्यावरचा. पोडियमचे 12 मीटर, वर 2.9 मीटरचे तेरा मजले आणि डोळ्यांची उंची, असे 51 मीटर. प्लॉटवर तेवढ्याच उंचीवर ड्रोन स्थिर ठेवून फोटो काढले. त्यात डावीकडे शेजारचा अर्धवट टॉवर आला.

"पुसून टाका," शेठ म्हणाले.

मी नाही म्हटलं. 2016 च्या रेरा कायद्याच्या कलम 12 प्रमाणे जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून कुणी पैसे भरले आणि नुकसान झालं, तर भरपाई बिल्डरला द्यावी लागते, हेही सांगितलं. थोडी घासाघीस होऊन कॅमेऱ्याची वाट एक फूट डावीकडे सरकवली. टॉवर पडद्याआडून अर्धा दिसतो, पण दिसतो.

एक गोष्ट मात्र माझ्याकडूनच राहिली होती. सेल्स ऑफिसातली मुलं हाच शॉट सहाव्या मजल्याच्या गिऱ्हाइकालाही दाखवू लागली. मग पुन्हा ड्रोन, ह्या खेपेला 28 मीटरवर. नशिबानं बाहेरचं दृश्य वेगळ्या लेयरवर ठेवलं होतं, त्यामुळे हॉल पुन्हा रेंडर करावा लागला नाही. काचेपलीकडे आता डोंगराचा फक्त माथा आहे, खाली झाडांचे शेंडे आणि शेजारच्यांचं पार्किंग. दोन्ही शॉटच्या खाली मजल्याचा आकडा टाकून दिला.