सुरमईचं बिल

सप्टेंबर म्हणजे आमच्या ऑफिसात धर्मादाय संस्थांच्या ऑडिटची धांदल. गुहागरच्या पुढे किनाऱ्यावरच्या एका गावातली शाळा चालवणारा ट्रस्ट गेली सहा वर्षं माझ्याकडे आहे. शाळा, चौसष्ट मुलांचं वसतिगृह आणि एका दात्याने दिलेली सत्तर हापूस कलमांची बाग, एवढाच पसारा. दोन तासांचं काम म्हणून गेले होते.

अडले ती मासळीच्या बिलावर. वसतिगृहाच्या व्हाउचरांच्या गठ्ठ्यात मे महिन्याचं बिल होतं : सुरमई नऊ किलो, पापलेट चार किलो, कोलंबी. ज्या वसतिगृहात रविवारी बांगडा मिळाला तर मुलं टाळ्या वाजवतात, तिथे सुरमई? आणि मेमध्ये तर मुलं घरी असतात. मग विजेची बिलं काढली. शाळा भरलेली असताना येतं त्याच्या दुप्पट बिल मे महिन्याचं होतं. शेवटी 'वसतिगृह फी' या खात्याची पावतीपुस्तकं मागवली. मेमधल्या पावत्यांवर मुलांची नावं नव्हती. 'ठाणे, 4 माणसं, 2 रात्री, जेवणासह' असं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं. शाळेचे क्लार्क लपवाछपवी करणारे नाहीत, हे त्यातलं समाधान.

अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक. गावात सगळे त्यांना गुरुजी म्हणतात, मीही. ते म्हणाले, "मॅडम, चौदा खोल्या सुट्टीत रिकाम्या पडतात. मे, दिवाळी, नाताळ धरून साठेक दिवस पर्यटकांना देतो. एक पैसा कुणाच्या खिशात जात नाही, सगळा मुलांच्या जेवणाला. मग टॅक्स कसला?"

त्यांच्या म्हणण्यात खोटं काही नव्हतं, आणि गोम नेमकी तिथेच होती. पैसा कुठे जातो यावर सगळं ठरत असतं, तर कुठल्याही ट्रस्टने कुठलाही धंदा करावा आणि नफा चांगल्या कामाला लावून मोकळं व्हावं. अमेरिकेत हे खरोखर घडलं होतं. 1947 मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयासाठी एक मॅकरोनी बनवणारी कंपनी विकत घेतली गेली. कर न भरणारी मॅकरोनी बाजारात उतरल्यावर ओरड झाली, आणि 1950 मध्ये तिथल्या संसदेने मूळ उद्देशाशी संबंध नसलेल्या व्यवसायाच्या उत्पन्नावर कर लावला. गुरुजींना हे सांगितलं तर ते हसले. पण रस्त्यापलीकडे होमस्टे चालवणारा माणूस मला आदल्याच वर्षी म्हणाला होता, "मॅडम, आम्ही टॅक्स भरून खोली दोन हजाराला देतो. शाळा कशी काय दीड हजारात देते?" त्याचा मुलगा त्याच शाळेत शिकतो. तेव्हा मी ते कानाआड केलं, ती माझी चूक.

आपल्याकडे प्राप्तिकर कायद्याचं कलम 11(4A) आहे. (हे आकडे 1961 च्या कायद्यातले. 1 एप्रिल 2026 पासून नवा कायदा लागू झाल्याने क्रमांक बदलले.) त्यात ट्रस्टच्या व्यवसायाच्या नफ्याला सूट मिळायला दोन अटी आहेत : व्यवसाय उद्दिष्टाला आनुषंगिक हवा, आणि त्याची हिशेबाची पुस्तकं वेगळी हवीत. एक जरी अट चुकली तरी त्या नफ्याची सूट जाते. बाकी उत्पन्नाची राहते.

गुरुजींचा पुतण्या वकील. त्याने फोनवर 2001 चा थांथी ट्रस्टचा निकाल ऐकवला. त्या ट्रस्टचं वर्तमानपत्र होतं आणि नफा शिक्षणाकडे जात होता म्हणून सर्वोच्च न्यायालयाने तो व्यवसाय आनुषंगिक मानला होता. पुतण्या चुकत नव्हता, पण मागे होता. ऑक्टोबर 2022 मध्ये न्यू नोबल एज्युकेशनल सोसायटीच्या निकालात याच न्यायालयाने शिक्षणसंस्थेचा व्यवसाय शिक्षणाशीच निगडित हवा, असं सांगितलं. पाठ्यपुस्तकं विकणं, शाळेची बस, वसतिगृह ही उदाहरणंही दिली. म्हणजे चौसष्ट मुलांच्या वसतिगृह फीला धक्का नाही. त्याच खाटेवर मेमध्ये ठाण्याचं कुटुंब झोपलं की ते शिक्षण उरत नाही. खाट तीच, उत्पन्न वेगळं. आणि बागेतला आंबा? ट्रस्टने स्वतः पिकवलेला असल्याने ते शेतीचं उत्पन्न, त्याचा या भानगडीशी संबंध नाही. शेजारच्यांच्या पेट्या घेऊन पुण्याला विकल्या असत्या तर तोही धंदा झाला असता. तसं केलं नव्हतं, मी विचारून घेतलं.

दुपारी जेवण टाळून हिशेब मांडला. पर्यटकांकडून जमा 11,40,000. खर्च वेगळा काढणं किचकट होतं. मेमधली वीज, गॅस, मासळी सरळ पर्यटकांच्या नावे टाकली. स्वयंपाकीणबाईंचा पगार दिवसांच्या प्रमाणात विभागला. इमारतीची रंगरंगोटी मी त्यात घेऊ दिली नाही, ती मुलांसाठी कशीही करावीच लागते. खर्च 5,20,000 झाला, नफा 6,20,000. 2024-25 च्या स्लॅबने पहिले तीन लाख मोकळे, उरलेल्या 3,20,000 वर पाच टक्के म्हणजे 16,000, वर सेस. एकूण 16,640 रुपये.

आकडा ऐकून खजिनदारांनी सुटकेचा श्वास सोडला. "एवढंच ना? भरून टाकू. आणि मॅडम, वेगळी वही आता मागच्या तारखेने लिहून काढली तर?"

मी पेन खाली ठेवलं. नाही म्हणायला वेळ लागला नाही, पण का ते नीट सांगावं लागलं. उद्दिष्टाशी संबंध नसलेला व्यवसाय, किंवा वेगळी पुस्तकं नसणं, हे 2022 पासून कलम 12AB मध्ये 'विनिर्दिष्ट उल्लंघन' म्हणून लिहिलेलं आहे. ते आपोआप काही होत नाही. आयुक्त नोटीस देतात, म्हणणं ऐकतात. पण शेवटी ट्रस्टची करसवलतीची नोंदणी रद्द होऊ शकते. आणि नोंदणी गेली की कलम 115TD लागतं : ट्रस्टच्या मालमत्तेच्या बाजारभावातून देणी वजा करून उरेल त्यावर सर्वोच्च दराने कर.

मी खिडकीबाहेर बोट केलं. शाळेच्या सुरूच्या झाडांमागे समुद्र दिसतो. ती जागा वहीत चार लाखांना आहे. आज तिचं काय मिळेल, विचारलं. खजिनदार हळूच म्हणाले, "तीन कोटी तरी." त्याचे तीस टक्के नव्वद लाख, सरचार्ज आणि सेस सोडून. कुणी काही बोललं नाही. बाहेर मधल्या सुट्टीची घंटा झाली.

जे होतं तेच अहवालात लिहिलं : पुस्तकं वेगळी नव्हती, नफा करपात्र दाखवला. कर व्याजासह भरला. पर्यटकांना वसतिगृहात घेणं त्या दिवसापासून बंद. गावातल्या बचत गटाला शिक्षकांची दोन जुनी क्वार्टर्स अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर बाजारभावाने दिली. भाडं ट्रस्टचं, धंदा गटाचा आणि त्यावरचा करही गटाचा. तीन वर्षांहून जास्त मुदत घातली असती तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागली असती, म्हणून अकराच महिने.

उत्पन्न कमी झालं हे खरंच. गुरुजींनी मला दोनदा फोन करून ते ऐकवलं. तिसऱ्या फोनला म्हणाले, "मेमध्ये या. गटाच्या बायका सुरमई चांगली करतात. बिल तेवढं आमच्या गठ्ठ्यात लावू नका."